शेवटची पाकळी जुळत नाही: ठिपक्यांच्या रांगोळीत आरसारेषा आणि फेरसंख्या आधी कशी ओळखायची

तक्रार दर दिवाळीला तीच असते. ठिपके बरोबर मोजले, कागदावरची रांगोळी समोर ठेवली, चार-पाच पाकळ्या छान आल्या आणि शेवटच्या पाकळीला जागाच उरली नाही. किंवा उलट झालं, एका बाजूला रेघांची गर्दी आणि समोरच्या बाजूला दोन-चार ठिपके बिनकामाचे राहिले. मग पुसापुशी सुरू होते, आणि शेणाने सारवलेल्या खळ्यात ओलं फडकं फिरवलं की जो डाग पडतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही.

हात वाईट आहे म्हणून हे होत नाही. बहुतेक वेळा अर्धी रांगोळी काढून उरलेली अर्धी "तशीच" काढायची असं ठरलेलं असतं, पण "तशीच" म्हणजे आरशात दिसते तशी की फिरवून येते तशी, हे ठरलेलं नसतं. या दोन गोष्टी कधी एकच असतात, कधी अगदी वेगळ्या.

फरक डोळ्यासमोर आणायला स्वस्तिक पुरे. स्वस्तिक मधल्या बिंदूभोवती पाव फेरी फिरवलं की पुन्हा तसंच दिसतं. पूर्ण फेरीत ते चार वेळा स्वतःशी जुळतं, म्हणून त्याची फेरसंख्या ४. पण त्याच्या मधोमध आरसा उभा धरा, आरशातल्या भुजा उलट्या वळलेल्या दिसतील. स्वस्तिकाला आरसारेषा एकही नाही. शाळेच्या पुस्तकात हिलाच सममिती अक्ष म्हणतात, इथे आरसारेषा म्हणू. रेषेवर घडी घातली की दोन्ही अर्धे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत, एवढीच तिची परीक्षा. डावा अर्धा काढून उजवीकडे त्याचं प्रतिबिंब काढत स्वस्तिक पुरं करायला कोणी जात नाही, कारण ते चुकलं की लगेच कळतं. सहा पाकळ्यांच्या चक्रीत हीच चूक सर्रास होते आणि पाचव्या पाकळीपर्यंत कळत नाही.

एक नियम पाठ करून ठेवावा, त्याने निम्मं काम होतं. एका मध्याभोवती फिरणाऱ्या नक्षीत आरसारेषा एक तर शून्य असतात, नाही तर फेरसंख्येइतक्याच असतात. मधलं काही नसतं. फेरसंख्या ६ असलेल्या रांगोळीत तुम्हाला तीनच आरसारेषा सापडल्या, तर उरलेल्या तीन तुमच्या नजरेतून सुटल्या आहेत. एकही सापडली नाही आणि तरी नक्षी फिरवून जुळते, तर ती चक्रीच्या जातीची आहे. तिच्यात "अर्धी काढून समोर तशीच" हा मार्ग कायमचा बंद.

आधी ठिपक्यांची जाळी तपासा

उदाहरणाला ७ ते ४ ची रांगोळी घेऊ. मधली ओळ ७ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली ६, ५, ४, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. ओळी सात, ठिपके ३७. कडेने पाहिलं तर षटकोन, प्रत्येक बाजूवर ४ ठिपके.

या जाळीची फेरसंख्या ६ असायला हवी. ती खरंच ६ आहे का, हे ओळींमधल्या अंतरावर ठरतं, आणि इथेच बऱ्याच जणी फसतात. दोन शेजारच्या ठिपक्यांत ४ सेंमी ठेवलं की दोन ओळींतही ४ सेंमी ठेवायचा मोह होतो. पण शेजारचे तीन ठिपके मिळून समभुज त्रिकोण व्हायचा असेल तर ओळींतलं अंतर ठिपक्यांतल्या अंतराच्या साधारण ०.८७ पट लागतं. ४ सेंमीला साडेतीन सेंमी, ५ सेंमीला ४.३ सेंमी. ओळीही ४ सेंमीवर टाकल्या तर षटकोन उभा ताणला जातो. जाळीची फेरसंख्या सहावरून दोनवर येते, आणि आरसारेषा उभी व आडवी अशा दोनच उरतात. त्यावर काढलेल्या सहा पाकळ्यांपैकी आडव्या दोन आखूड आणि तिरक्या चार लांब होतात. हात कितीही सफाईदार असला तरी होतात.

मोजून पाहायला दोरा पुरतो. मधल्या ओळीचा पहिला ते सातवा ठिपका हे अंतर घ्या, ४ सेंमीच्या हिशोबाने २४ सेंमी. आता सगळ्यात वरच्या ओळीच्या पहिल्या ठिपक्यापासून सगळ्यात खालच्या ओळीच्या चौथ्यापर्यंत तिरकं मोजा. तेही २४ च्या आसपास आलं पाहिजे. २७ च्या जवळ आलं तर ओळी फार लांब पडल्या आहेत. अशा वेळी रेघा ओढायच्या भानगडीत न पडता ठिपकेच पुन्हा टाकावेत.

चिऱ्याच्या फरशीवर आणखी एक घोळ होतो. चिऱ्यांचे सांधे सरळ दिसतात म्हणून ओळी सांध्यांना धरून टाकल्या जातात. पण हाताने घडवलेले चिरे एका मापाचे नसतात, आणि खळ्याला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो तो डोळ्याला चकवतो. ओळ दोऱ्यावर टाका, सांध्यावर नको. खडूच्या पुडीत ओढलेला दोरा दोन टोकांना धरून एकदा टणकन सोडला की पहिली ओळ मिळते. बाकीच्या तिच्यावरून.

चौकोनी जाळी, म्हणजे ७ ओळी ७ ठिपके, एकाखाली एक, हिची फेरसंख्या ४ आणि आरसारेषाही ४: उभी, आडवी आणि दोन कर्ण. ७ ते १ ची मधल्यामधले ठिपके असलेली जाळी मात्र दोन्हीकडे जाऊ शकते. ओळींतलं अंतर ठिपक्यांतल्या अंतराच्या निम्मं ठेवलं, ४ सेंमीला २, तर ती टोकावर उभी केलेली चौकोनी जाळी होते आणि फेरसंख्या ४ मिळते. साडेतीन ठेवलं तर तो लांबट शंकरपाळा होतो आणि फेरसंख्या २. कागदावर छापलेल्या नमुन्यात हे अंतर लिहिलेलं क्वचितच असतं, म्हणून नमुन्यावर पट्टी लावून बघावं.

नक्षीची फेरसंख्या जाळीच्या फेरसंख्येत बसली पाहिजे. सहाच्या जाळीत ६, ३ आणि २ बसतात. चारच्या जाळीत ४ आणि २. पाच पाकळ्यांचं फूल कुठल्याच ठिपक्यांच्या जाळीत नीट बसत नाही. पहिली पाकळी ठिपक्यावर संपली तर दुसरी ठिपक्यांच्या मध्येच कुठेतरी संपणार. पाच पाकळ्या हव्या असतील तर ठिपके सोडून दोरा-खिळ्याने वर्तुळ काढावं. अष्टदळाचंही तसंच, फक्त तिथे थोडी चलाखी चालते. चौकोनी जाळीत उभ्या-आडव्या पाकळ्या मध्यापासून ३ घरं नेल्या आणि तिरक्या पाकळ्या कर्णावर २ ठिपके नेल्या, तर तिरक्यांची लांबी २.८३ घरं भरते. नजरेला आठही सारख्या वाटतात. खरी फेरसंख्या ४ च, पण एवढी लबाडी रांगोळीत खपते. तिरक्या पाकळ्याही ३ ठिपके नेल्या तर त्यांची लांबी ४.२४ घरं होते आणि फूल चारी कोपऱ्यांना चोच काढल्यासारखं दिसतं.

आता नमुना तपासा

जाळी बरोबर आहे असं धरू. ७ ते ४ वर सहा पात्यांची चक्री काढायची आहे. ओळी वरून खाली १ ते ७, प्रत्येक ओळीतले ठिपके डावीकडून मोजायचे. २-५ म्हणजे दुसऱ्या ओळीतला पाचवा ठिपका. मध्य ४-४.

पहिलं पातं मध्यापासून ४-५ ला जातं, तिथे वर वळून ३-५ आणि पुढे सरळ २-५ ला संपतं. नमुन्यात अशी सहा पाती आहेत आणि त्यांची टोकं २-५, १-२, ३-१, ६-१, ७-३ आणि ५-६ या ठिपक्यांवर आहेत.

कागद फिरवायची गरज नाही, कडेचे ठिपके मोजले तरी फेरसंख्या निघते. मध्याभोवती ठिपक्यांची कडी आहेत: पहिल्या कड्यात ६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात म्हणजे कडेला १८. सहाव्या हिश्शाची फेरी म्हणजे पहिल्या कड्यात १ ठिपका पुढे, दुसऱ्यात २ पुढे, तिसऱ्यात ३ पुढे. कोनमापक लागत नाही. उजव्या टोकाच्या ४-७ ला एक म्हणा आणि कडेकडेने वर, मग डावीकडे, मग खालून परत असं मोजत या. पात्यांची टोकं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या आणि अठराव्या ठिपक्यावर येतील. प्रत्येक तिसऱ्यावर, एकही न चुकता, म्हणून फेरसंख्या ६. टोकं दर सहाव्या ठिपक्यावर आली असती तर ३, दर नवव्यावर आली असती तर २.

आरसारेषेसाठी उभी रेषा घ्या. ती १-२ आणि १-३ यांच्या मधून, मग २-३ मधून, मध्यातून आणि ६-३ मधून खाली जाते. उभ्या आरशात डावीकडून दुसरा ठिपका उजवीकडून दुसऱ्यावर जातो. वरच्या ओळीत पात्याचं टोक १-२ वर आहे, म्हणजे १-३ वरही असायला हवं. नाही. एवढ्यावरच उभी आरसारेषा बाद. आणि फेरसंख्या ६ असताना एक आरसारेषा बाद झाली की वरच्या नियमाप्रमाणे उरलेल्या पाचांची आशा ठेवायची का? अजून घाईने नाही म्हणू नका. चक्री थोडी तिरकी छापलेली असेल तर आरसारेषा जाळीच्या रेषांवर नसूही शकते. पण टोकं ठिपक्यांवर असतील तर तपासायला फक्त सहाच रेषा असतात: तीन कोपऱ्याच्या ठिपक्यांतून, तीन बाजूंच्या मधून. कोपऱ्याची एक बघा. ४-१ ते ४-७ ही आडवी रेषा. २-५ चं प्रतिबिंब ६-५. तिथे टोक नाही. कोपऱ्याच्या तिन्ही रेषा फेरीने एकमेकींवर जातात, म्हणून एक गेली की तिन्ही गेल्या. बाजूंच्या मधल्या तिघींचंही तसंच. आरसारेषा शून्य.

बाजूच्या मधून जाणाऱ्या या रेषा सगळ्यात जास्त सुटतात. बाजूवर ४ ठिपके, म्हणजे सम, म्हणून रेषा कडेला दोन ठिपक्यांच्या फटीतून निघते आणि नजर फटीवर ठरत नाही. ९ ते ५ च्या जाळीत बाजूवर ५ ठिपके असतात, तिथे तीच रेषा मधल्या ठिपक्यातून जाते आणि चटकन दिसते.

फक्त एकाच कड्याचे ठिपके बघून निकाल देऊ नका. या चक्रीत दुसऱ्या कड्यातले वापरलेले ठिपके ३-५, २-३, ३-२, ५-२, ६-३ आणि ५-५ असे आहेत, आणि हे सहा ठिपके तेवढे पाहिले तर त्यांना सहाच्या सहा आरसारेषा आहेत. पहिल्या कड्यातले सहाही तसेच. चक्रीपणा कळतो तो कडेच्या टोकांवरून आणि कुठला ठिपका कुठल्याशी जोडला आहे त्यावरून. गाठीच्या रांगोळीत तर ठिपके अगदी सममित असूनही एक रेघ दुसरीच्या वरून, पुढे खालून जाते, आणि त्या वर-खालीमुळे आरसारेषा जाते, फेरसंख्या तेवढी राहते. हाताशी बिनचौकटीचा छोटा आरसा असेल तर नमुन्यावर रेषेत उभा धरून बघणं सगळ्यात खात्रीचं.

चूक झाली की ती कशी दिसते

समजा हे न तपासता उजवी तीन पाती काढली आणि डावीकडे त्यांचं प्रतिबिंब काढलं. उजवी तीन बरोबर आहेत: ४-५ वरचं, ३-४ वरचं (३-४, २-३, १-२) आणि ५-४ वरचं (५-४, ५-५, ५-६). प्रतिबिंबात ३-४ वाल्याचा जोडीदार ३-३, २-३, १-३ असा जातो. दोन्ही पाती २-३ वर एकमेकांना छेदतात आणि वर फुलीसारखा गुंता होतो. खाली ६-३ ला कोणी शिवतच नाही आणि शेवटची ओळ पूर्ण रिकामी राहते. वर फुली, खाली मोकळं, असं दिसलं की निदान पक्कं: फिरवायची नक्षी आरशाने काढली गेली आहे.

दुरुस्तीला सगळं पुसावं लागत नाही. मध्यापासून पहिल्या कड्यापर्यंतच्या सहाही रेघा बरोबर आहेत, त्या ठेवा. डावीकडच्या तीन पात्यांचा फक्त वळणानंतरचा भाग कोरड्या मऊ ब्रशने उडवा, ठिपके शाबूत ठेवून. मग ३-३ पासून ३-२, ३-१. ४-३ पासून ५-२, ६-१. ५-३ पासून ६-३, ७-३. सहा छोट्या रेघा, काम संपलं.

मुळात ही चूक होऊ नये म्हणून एक पातं पूर्ण, मग दुसरं, असं काढूच नये. आधी मध्यापासून सहाही रेघा. मग सहाही ठिकाणची वळणं, मग सहाही टोकं. वळणाच्या टप्प्यावर एखादं उलटं वळलं तर बाकीच्या पाचांत ते लगेच उठून दिसतं आणि एकच रेघ पुसावी लागते.

खळ्यात रांगोळीभोवती सरकत काढताना आणखी एक घोटाळा होतो. नमुना एका बाजूने बघितलेला असतो, आणि समोर जाऊन बसलं की तुमचा डावा-उजवा बदलतो. "वर वळायचं" हे फक्त पहिल्या पात्याला खरं आहे. म्हणून वळण मध्याच्या हिशोबाने लक्षात ठेवा: मध्याकडे पाठ करून पात्याच्या दिशेने तोंड केलं की या चक्रीत वळण डाव्या हाताला. कुठेही बसा, हे बदलत नाही.

रंग भरताना फेरसंख्या पुन्हा बदलते

रेघा बरोबर आल्या तरी रंगाने घात होतो. सहा पात्यांत लाल-पिवळा एकाआड एक भरला की फेरसंख्या ३ होते. ते छानच दिसतं, कारण ३ ही ६ मध्ये बसते. तीन रंग क्रमाने भरले तर समोरासमोरची पाती एका रंगाची येतात आणि फेरसंख्या २. चार रंग क्रमाने भरत गेलात तर पाचव्या-सहाव्या पात्याला पहिले दोन रंग पुन्हा येतात, फेरसंख्या १ म्हणजे काहीच उरत नाही, आणि बघणाऱ्याला रेघच चुकल्यासारखी वाटते. चार रंग हातात असतील तर पात्यांना दोन, मध्याला एक आणि पात्यांमधल्या जागांना एक असे वाटून द्या.

आणि किनाऱ्याजवळच्या गावात रांगोळीची पूड रात्रभर पडवीत उघडी ठेवू नये. दमट हवेने ती धरते, चिमटीतून तुटक पडते आणि ठिपका कधी वाटाण्याएवढा तर कधी मोहरीएवढा पडतो. ४ सेंमीच्या जाळीत ठिपका अर्धा सेंमी सरकला की दोऱ्याने मोजलेलं २४ काही उपयोगाचं राहत नाही. पूड उन्हात पसरून वाळवा, नाही तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं परता आणि पूर्ण थंड झाल्यावरच वापरा.